करार संपवताना कारण लिहू नका

सेवा बंद करायची असली की आपण पत्रात सगळ्या तक्रारी मांडतो. मग समोरून सूट, माफी, 'आणखी एक संधी द्या' असं सुरू होतं आणि नोटीस बाजूलाच राहते. करारात कारण देण्याची अट नसेल, तर ते लिहूच नका.

1. करारातली नोटीसची मुदत आणि ती कोणत्या पत्त्यावर द्यायची, हे आधी पाहा. मुदत बहुधा नोटीस पोहोचल्यापासून मोजतात. करार 30 जूनला आपोआप वाढणार असेल आणि मुदत 30 दिवसांची असेल, तर 20 मेपर्यंत पाठवलेली बरी.

2. मजकूर एवढाच: "करार क्रमांक अमुक, कलम अमुकनुसार ही नोटीस देत आहे. सेवा 30 जून रोजी बंद करावी. अंतिम बिल आणि अनामत परताव्याचा तपशील कळवावा. नोटीस मिळाल्याची लेखी पोच द्यावी. आजवरच्या सेवेबद्दल आभार."

'बंद करण्याचा विचार आहे' असं मात्र लिहू नका. ती नोटीस ठरत नाही.

फोन आलाच, तर "निर्णय पत्रात कळवला आहे, पुढचं ईमेलवर बोलू" एवढंच शांतपणे सांगा.

सावधगिरी: पोच आणि अंतिम बिल येईपर्यंत बँकेतलं ऑटो-पेमेंट थांबवू नका. हप्ता चुकला, तर थकबाकीदार तुम्हीच ठरता.