बाजू २० टक्क्यांनी वाढल्या, तर क्षेत्रफळ किती टक्क्यांनी वाढतं?

झेरॉक्सच्या दुकानात ए-४ कागदावरचा नकाशा देऊन "दुप्पट करून द्या" म्हटलं आणि मशीनवर २०० टक्के लावले, तर ए-३ कागदावर अर्धाच नकाशा उमटतो. मशीन बिघडलेलं नसतं. त्यावरचे टक्के लांबीचे असतात आणि आपल्या मनात क्षेत्रफळ असतं. लांबी दुप्पट, रुंदीही दुप्पट, म्हणजे क्षेत्रफळ चौपट झालं.

हिशेब असा करा. आधी वाढीचे टक्के 'पट'मध्ये बदला. प्रत्येक बाजू २० टक्क्यांनी वाढली, म्हणजे ती १.२ पट झाली. मग या पटीचा वर्ग करा: १.२ × १.२ = १.४४. शेवटी त्यातून १ वजा करून १०० ने गुणा. क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढलं.

बरेच जण इथे ४० म्हणतात. उरलेले ४ कुठून आले, ते एकदा कागदावर काढून बघाच. १० सेंमी बाजूचा चौरस घ्या आणि उजवीकडे व वर २-२ सेंमी वाढवा. १० × २ च्या दोन पट्ट्या जोडल्या जातात, त्यांचे ४० चौरस सेंमी होतात. पण त्या दोन पट्ट्यांच्या मधे, कोपऱ्यात, २ × २ चा एक छोटा चौरस उरतो. विसरलेले ४ ते हेच. वाढ जितकी मोठी, तितका हा कोपरा मोठा: ५० टक्क्यांना तो एकटाच २५ टक्के भरतो आणि एकूण वाढ १२५ टक्के होते.

आकृती चौरसच हवी असं नाही. तलावाची वाकडीतिकडी कड असली तरी तो आलेखकागदाच्या बारीक चौकटींनी भरला आहे असं समजा. प्रत्येक चौकट १.४४ पट होते, म्हणून तलावही तेवढाच पट होतो. अट एकच, सगळ्या लांब्या सारख्याच पटीने वाढल्या पाहिजेत. नुसती लांबी २० टक्के ताणली, तर आकृती समरूप राहत नाही आणि क्षेत्रफळही २० टक्केच वाढतं.

बाजू कमी होत असतील तरी रीत तीच. २० टक्के घट म्हणजे ०.८ पट, त्याचा वर्ग ०.६४, म्हणून क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी घटतं.

आता दुकानातला प्रश्न उलटा सोडवू. क्षेत्रफळ दुप्पट हवं, तर २ चं वर्गमूळ काढायचं: सुमारे १.४१४. म्हणून मशीनवर १४१ लावायचे, म्हणजे बाजूंची वाढ ४१ टक्के (१४१ हीच वाढ धरण्याची चूक सहज होते). ए-४ कागद २१० × २९७ मिमी असतो आणि ए-३ हा २९७ × ४२० मिमी. २१० ला १.४१४ ने गुणलं की २९७ येतात आणि पूर्ण नकाशा ए-३ वर नीट बसतो.