सोशल मीडिया मॅनेजरसाठी अर्ज: तीन ओळींचे रिझल्ट आणि उघडणारी लिंक

पहिल्यांदा अर्ज करायला लागलो तेव्हा माझ्या मेलमध्ये एक ओळ होती जिच्यावर मी जाम खूश होतो, "एंगेजमेंट ३०० टक्क्यांनी वाढवली". एका मुलाखतीत समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, किती होती आणि किती झाली? मी म्हटलं, आधी पोस्टला सरासरी ४ कमेंट यायच्या, नंतर १६ यायला लागल्या. हिशोब बरोबर होता हो, ४ चे १६ म्हणजे ३०० टक्के वाढच, पण त्या हसल्या आणि पुढचा प्रश्न भलत्याच विषयावर आला. तेव्हाच कळलं की आपला इथला खेळ संपला.

तेव्हापासून नियम एकच, पुढचा प्रश्न आला की जो आकडा गडबडेल तो अर्जात टाकायचाच नाही. टक्क्याच्या आधी मूळ आकडा, किती दिवसांचा तो काळ, आणि पैसे लावून बूस्ट केलं होतं की नाही. बूस्ट केलेल्या पोस्टचा रीच ऑर्गॅनिकमध्ये मिसळून दाखवला तर हे काम केलेला माणूस लगेच ओळखतो, कारण रीच एकदम उंच आणि सेव्ह, शेअर मात्र तिथल्या तिथेच असं चित्र बऱ्याचदा दिसतं.

आणि एंगेजमेंट रेट लिहिताय तर भागलं कशाने ते सांगा. समजा एका पोस्टवर लाइक, कमेंट, शेअर आणि सेव्ह मिळून १७४ झाले. पोस्टचा रीच २,९०० असेल तर रेट ६ टक्के, आणि अकाउंटचे फॉलोअर ४,३५० असतील आणि त्याने भागलं तर ४ टक्के. पोस्ट तीच! दोन्ही पद्धती लोक वापरतात, मी रीचने भागतो आणि तसं कंसात लिहितो. एका महिन्याला रीचने आणि दुसऱ्याला फॉलोअरने भागून "वाढ" दाखवणारेही बघितलेत, कधी मुद्दाम तर कधी खरंच कळत नाही म्हणून.

आता ज्या अर्जावर मला काम मिळालं त्यातली कॅम्पेन सांगतो. मातीकाम शिकवणाऱ्या एका छोट्या स्टुडिओसाठी सहा आठवडे काम केलं होतं, आठवड्याला ४ पोस्ट म्हणजे एकूण २४, शिवाय रोज स्टोरी. उद्देश फॉलोअर वाढवणं नव्हता, क्लासची नोंदणी हवी होती. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमधली लिंक क्लिक होत नाही, त्यामुळे माणूस नेमका कुठून आला हे बघायचं तर बायोची लिंक आणि स्टोरीच्या स्टिकरची लिंक वेगळी ठेवावी लागते. मी लिंकच्या शेवटी हे असे यूटीएम टॅग लावले होते:

```
?utm_source=instagram&utm_medium=social&utm_campaign=batch1&utm_content=bio
?utm_source=instagram&utm_medium=social&utm_campaign=batch1&utm_content=story
```

सगळं स्मॉल लेटरमध्येच ठेवा, कारण अ‍ॅनालिटिक्सला Instagram आणि instagram हे दोन वेगळे सोर्स वाटतात. माझा पहिला आठवडा असाच दोन ओळींत फुटला होता आणि मग हाताने बेरजा करत बसलो.

अर्जात गेलं ते एवढंच:

"उद्देश: क्लासची नोंदणी. काळ: ६ आठवडे, २४ पोस्ट आणि रोज स्टोरी, बूस्ट नाही.
रिझल्ट: नोंदणी ६२ (आधीच्या ६ आठवड्यांत ४०). त्यातल्या ३८ इन्स्टाग्रामच्या लिंकवरून, स्टोरीतून २७ आणि बायोमधून ११.
टीप: याच काळात रविवारची नवी बॅच सुरू झाली, त्यामुळे सगळी वाढ कंटेंटची नाही. रील्सना रीच सर्वात जास्त मिळाला, पण रील टाकलेल्या दिवशी नोंदणी वाढलेली दिसली नाही, म्हणून चौथ्या आठवड्यापासून भर स्टोरीवर दिला."

ती टीप टाकू की नको यावर मी दोन दिवस घातले, वाटलं स्वतःच स्वतःचं क्रेडिट कापतोय. पण मुलाखतीत अर्धा वेळ त्या टिपेवरच गेला, कुठल्या स्टोरी चालल्या, चौथ्या आठवड्यात काय बदललं, आणि ते सांगायला मला पाठांतर करावं लागलं नाही.

आता अर्जासोबत द्यायच्या कंटेंट कॅलेंडरची, म्हणजे कुठली पोस्ट कधी टाकायची त्या वेळापत्रकाची लिंक. इथे माझी दुसरी फजिती. गुगल शीट बनवलं, लिंक कॉपी केली, सहा ठिकाणी पाठवली, आणि शेअरिंग Restricted वरच राहिलं होतं. लिंक उघडणाऱ्याला परवानगी मागा असं पान दिसतं आणि ती विनंती शीटच्या मालकाच्या मेलवर येते. माझं शीट जुन्या अकाउंटवर होतं, तो मेल मी नऊ दिवसांनी उघडला तर तीन विनंत्या पडून होत्या. तीनही ठिकाणांहून पुढे काहीच आलं नाही, साहजिक आहे. तर Share मध्ये जाऊन Anyone with the link करा, शेजारी Viewer ठेवा (Editor नको, कुणाचा तरी हात लागून रकाना उडतो), आणि मग इन्कॉग्निटो विंडोत लिंक उघडून बघा, मोबाइलवरही बघा.

त्याहून मोठी भानगड म्हणजे हाइड केलेले टॅब. बरेच जण खऱ्या क्लायंटच्याच शीटवर नमुना बनवतात आणि बजेटचा टॅब हाइड करतात. Viewer असलेला माणूस शीटची कॉपी काढू शकला की त्या कॉपीत तो टॅब अनहाइड करू शकतो. कॉपी बंद करायची सेटिंग आहे, पण त्या भरवशावर राहण्यापेक्षा नवीन कोरी फाइल उघडा आणि लागेल तेवढंच त्यात टाका. क्लायंटचं नाव आणि आकडे वापरायचे तर आधी त्यांना विचारा. मी स्टुडिओला विचारलं, ते म्हणाले आकडे चालतील पण नाव नको, मग नाव काढलं.

कॅलेंडर दोन आठवड्यांचं पुरतं. महिनाभराचं भरायला गेलं की तिसऱ्या आठवड्यात "मंगळवार: मोटिव्हेशनल कोट" सुरू होतं आणि वाचणाऱ्याला तेच आधी दिसतं. माझे रकाने होते तारीख-वेळ, प्लॅटफॉर्म, फॉरमॅट, ही पोस्ट कशासाठी, पहिली ओळ, लोकांनी काय करायचं, कुणाकडे काम, स्टेटस आणि शेवटी निकाल. त्यातली एक ओळ अशी:

"गुरुवार, संध्या. ७ | इन्स्टाग्राम | स्टोरी, ३ फ्रेम | नवशिक्यांची भीती घालवणे | 'पहिलं भांडं वाकडंच होतं, हे बघा आमचं' | लिंक स्टिकर | फोटो स्टुडिओकडून बुधवारपर्यंत | झालं | ६ नोंदण्या"

पहिली ओळ पूर्ण लिहा, नुसतं "एंगेजिंग कॅप्शन" लिहून सोडू नका, कारण तुम्हाला लिहिता येतं का हे त्याच रकान्यात दिसतं. आणि निकालाचा रकाना अर्जातल्या आकड्यांशी जुळू दे. माझ्या कॅलेंडरमधले दोन आठवडे चौथा आणि पाचवा होते, त्यातल्या स्टोरीच्या नोंदण्यांची बेरीज १५ येत होती आणि अर्जात स्टोरीच्या एकूण २७ होत्या. मुलाखत घेणाऱ्याने ती बेरीज खरंच केली होती आणि विचारलं, उरलेल्या १२ कुठल्या आठवड्यांतल्या? मूळ शीट माझ्या लॅपटॉपवर उघडंच होतं.