पानाचे शीर्षक असे लिहा की ते कानालाही कळेल आणि शोधातही सापडेल

वेब पानाचे शीर्षक म्हणजे `<title>` मध्ये लिहिलेला मजकूर. डोळ्यांनी पाहणाऱ्याला तो टॅबवर अर्धामुर्धा दिसतो आणि बहुतेकांचे तिकडे लक्षही जात नाही. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारा प्रोग्रॅम, वापरणाऱ्याला मात्र पान उघडताच सगळ्यात आधी तोच ऐकू येतो. लोगो, रंग, मोठा फोटो यांतले काहीच त्याच्यापर्यंत आलेले नसते. आपण बरोबर ठिकाणी पोचलो की नाही, हे तो या एका ओळीवरून ठरवतो.

हीच ओळ पुढेही कामाला येते. `Alt+Tab` ने दुसऱ्या प्रोग्रॅममधून ब्राउझरवर परत आलात की शीर्षक वाचले जाते. `Ctrl+Tab` ने एका टॅबवरून दुसऱ्यावर गेलात की पुन्हा तेच. मध्येच फोन आला, कुठे होतो ते विसरायला झाले, तर एनव्हीडीए आणि जॉज या दोन्ही स्क्रीन रीडरांत `Insert+T` दाबून शीर्षक पुन्हा ऐकता येते. ‘मी कुठे आहे?’ या प्रश्नाचे सर्वांत झटपट उत्तर हेच.

म्हणूनच शीर्षकात शोधासाठीचे शब्द कोंबा, असा सल्ला कोणी दिला की मला राग येतो. तो सल्ला कानावर अन्याय करतोच आणि शोधातही त्याचा उपयोग होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच ओळीत कशा बसवायच्या, ते पुढे सांगतो.

१. प्रत्येक पानाला स्वतःचे शीर्षक द्या. पानाला विषय किंवा हेतू सांगणारे शीर्षक हवे, हा नियम वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी मानकात २.४.२ या क्रमांकाचा आहे आणि तो सर्वांत प्राथमिक, म्हणजे ‘ए’ पातळीवर आहे. आपोआप तपासणारी बहुतेक साधने शीर्षक आहे की नाही एवढेच सांगतात. सगळ्या पानांवर ‘मुख्य पान’ लिहिले असले तरी ती साधने तुम्हाला पास करतात.

२. वेगळे ते आधी, सारखे ते शेवटी. आधी पानाचा विषय, मग विभागाचे नाव (गरज असेल तरच) आणि संस्थेचे नाव सर्वांत शेवटी. संस्थेचे नाव पुढे हवे असा आग्रह वरिष्ठांकडून होतो. तसे झाले तर संस्थेचे नाव ऐकून घेतल्याशिवाय कोणत्याच टॅबचा विषय कळत नाही. पाच टॅब उघडे असतील तर तेच नाव पाच वेळा. रोज स्क्रीन रीडर वापरणारे लोक भरभर पुढे जातात आणि हवे ते कळले की `Ctrl` दाबून आवाज थांबवतात. पहिल्या तीन-चार शब्दांत विषय आला नाही, तर पुढचा मजकूर कितीही चांगला असला तरी तो बहुधा ऐकलाच जात नाही.

३. शोधाचे शब्द निवडा. खरी अडचण इथे येते.

एक उदाहरण घेऊ. ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर कार्डाची मुदत वाढवण्याचे पान आहे. असे शीर्षक मी किती तरी ठिकाणी पाहिले आहे:

```html
<title>सार्वजनिक ग्रंथालय | ग्रंथालय कार्ड, लायब्ररी कार्ड, कार्ड नूतनीकरण, कार्ड रिन्यू ऑनलाइन | मुख्य पान</title>
```

हे मोठ्याने वाचून पाहा. ‘कार्ड’ चार वेळा येते. पान नवे कार्ड काढण्याचे आहे, जुन्याची मुदत वाढवण्याचे आहे की कार्डांविषयीच्या माहितीचे, हे शेवटपर्यंत कळत नाही. विरामचिन्हे वाचण्याची पातळी ज्याने वाढवून ठेवली आहे, त्याला मधल्या उभ्या रेघाही शब्दांत ऐकाव्या लागतात.

लिहिणाऱ्याचा हिशेब सोपा असतो: लोक चार प्रकारे शोधतात, म्हणून चारही प्रकार लिहून टाकू. हा हिशेब चुकीचा आहे. शीर्षक नेमके आणि आटोपशीर असावे, एकच शब्द वा वाक्प्रयोग पुन्हा पुन्हा कोंबू नये, असे गूगल स्वतःच्या मार्गदर्शनात सांगते. शिवाय निकालातल्या लिंकवर तुमचेच शीर्षक दिसेल याची हमी नसते. पानावर ठळक दिसणारे मुख्य शीर्षक, `<h1>` मध्ये लिहिलेला मथळा, इतर पानांवरून आलेल्या लिंकचा मजकूर, हे सगळे पाहून गूगल तो मजकूर ठरवते. भरताड शीर्षक बाजूला पडून तिथे दुसरेच काही दिसू शकते.

याचा कानावर थेट परिणाम होतो. स्क्रीन रीडर वापरणारा माणूस निकालांमध्ये एका लिंकवरून दुसऱ्या लिंकवर जात ऐकतो, एक निवडतो आणि एंटर दाबतो. पान उघडल्यावर त्याला आत्ताच ऐकलेल्या शब्दांशी न जुळणारे शीर्षक ऐकू आले, तर आपण चुकीच्या जागी आलो असे त्याला वाटते. तो परत मागे जातो. डोळ्यांनी पाहणाऱ्याची शंका एका नजरेत फिटते, त्याची फिटत नाही.

मग निवड कशी करायची? गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये त्या पानासाठी लोक काय टाइप करून आले याची यादी मिळते. ती उघडा आणि या पानाचे काम नेमके सांगणारा, सर्वांत जास्त वापरला गेलेला एकच वाक्प्रयोग उचला. समजा तिथे ‘लायब्ररी कार्ड रिन्यू’ सर्वांत वर आहे. मग शीर्षक असे होईल:

```html
<title>लायब्ररी कार्ड रिन्यू करा – सार्वजनिक ग्रंथालय</title>
```

‘हे कार्यालयीन भाषेत बसत नाही’ अशी तक्रार येईल. येऊ द्या. लोक जो शब्द टाइप करतात तोच त्यांच्या कानाला पटकन कळतो. शोधाची आणि कानाची गरज इथे एकच असते. दोघांनाही लोकांचा शब्द हवा असतो आणि तो सुरुवातीलाच हवा असतो.

बाकीच्या शब्दांचे काय? ते पानात जातात. पहिल्या परिच्छेदात लिहा: ‘ग्रंथालयाच्या सभासद कार्डाचे नूतनीकरण ऑनलाइन करता येते.’ खालच्या उपशीर्षकांत ‘मुदत संपलेले कार्ड’ येऊ द्या. शोधयंत्र पूर्ण पान वाचते, सगळा भार शीर्षकावर टाकायची गरज नसते.

`<h1>` मध्येही ‘लायब्ररी कार्ड रिन्यू करा’ हेच लिहा. शीर्षक आणि `<h1>` वेगवेगळे असलेच पाहिजेत, असा एक सल्ला फिरत असतो. तो सोडून द्या. स्क्रीन रीडरचा वापरकर्ता शीर्षक ऐकून पुष्कळदा `1` ही कळ दाबतो आणि थेट मुख्य मथळ्यावर उतरतो. तिथे तेच शब्द मिळाले की त्याची खात्री पटते.

लांबीबद्दलही एक स्पष्टपणे सांगतो. ‘साठ अक्षरांचा नियम’ असा काही नियम नाही. निकालात मजकूर कापला जातो तो पडद्यावरच्या रुंदीनुसार. मराठीत तर अक्षरे मोजणाऱ्या साधनांचा आकडाच फसवा असतो, कारण ती मात्रा वेगळी मोजतात: ‘नूतनीकरण’ ही आपल्याला सहा अक्षरे दिसतात, साधन आठ सांगते. त्यापेक्षा शीर्षक मोठ्याने म्हणा. एका दमात, न अडखळता म्हणता आले तर लांबी ठीक आहे.

४. पानाची अवस्था बदलली की शीर्षकही बदला. फॉर्म पाठवला, एक रकाना चुकला, तेच पान पुन्हा लोड झाले. शीर्षक जसेच्या तसे असेल, तर ऐकणाऱ्याला वाटते की काही घडलेच नाही, किंवा फॉर्म गेला. म्हणून चूक असेल तेव्हा सुरुवातीलाच तसे सांगा:

```html
<title>त्रुटी: लायब्ररी कार्ड रिन्यू करा – सार्वजनिक ग्रंथालय</title>
```

अनेक पायऱ्यांचा फॉर्म असेल तर ‘पत्ता, पायरी २ पैकी ४’ असे काही लिहू नका. त्यातून दोन पायऱ्या की चार, हेच कळत नाही. ‘पत्ता – ४ पैकी २ री पायरी – लायब्ररी कार्ड रिन्यू करा’ असे लिहा. याने शोधाचे शब्द मागे पडतील ही भीती अनाठायी आहे. चूक झाल्याचा संदेश दाखवणारे पान किंवा अर्ध्या भरलेल्या फॉर्मची पायरी शोधात येतच नाही आणि यायलाही नको. तिथे शीर्षकावर फक्त ऐकणाऱ्याचा हक्क आहे.

अनेक पानांवर पसरलेल्या यादीची पाने शोधात येतात, तरी तिथेही झगडा नाही. अशा सलग पानांची शीर्षके एकसारखी ठेवली तरी चालतील, असे गूगल म्हणते. पण कानाला ती चालत नाहीत, कारण ‘पुढील पान’ दाबल्यावर आधीचेच शीर्षक ऐकू आले तर लिंक चालली की नाही हे कळत नाही. ‘नवी पुस्तके, पान २’ एवढे पुरेसे आहे, आणि त्याने शोधाचे काही बिघडत नाही.

५. पान पूर्ण लोड न होता मजकूर बदलत असेल तर फोकसही हलवा. जावास्क्रिप्टने दृश्य बदलणाऱ्या संकेतस्थळांवर `document.title` बदलले, तरी बहुतेक वेळा स्क्रीन रीडर गप्प राहतो. त्याच्या दृष्टीने नवे पान उघडलेलेच नसते. आधी शीर्षक बदला, मग नव्या `<h1>` वर फोकस न्या:

```js
document.title = "पत्ता – ४ पैकी २ री पायरी – लायब्ररी कार्ड रिन्यू करा";
const h = document.querySelector("h1");
h.tabIndex = -1;
h.focus();
```

यामुळे मथळा लगेच वाचला जातो आणि नंतर `Insert+T` दाबले तरी बरोबर उत्तर मिळते. दोन्हींपैकी एकच केले तर काम अर्धवट राहते. नुसते शीर्षक बदलले तर बदल कळत नाही, नुसता फोकस हलवला तर टॅबवर जुनेच नाव राहते.

६. कानाने तपासा. एनव्हीडीए फुकट मिळतो, तो सुरू करा. संकेतस्थळाची पाच-सहा पाने वेगवेगळ्या टॅबमध्ये उघडा, मॉनिटर बंद करा आणि `Ctrl+Tab` दाबत फिरा. प्रत्येक वेळी तीन-चार शब्द ऐकून `Ctrl` ने आवाज थांबवा. त्या तीन-चार शब्दांवरून कार्ड रिन्यू करण्याचा टॅब सापडला पाहिजे. दोन टॅबमध्ये गोंधळ झाला तर त्या दोन्ही शीर्षकांचे पहिले शब्द बदला. मग मुद्दाम चुकीचा फॉर्म पाठवून ‘त्रुटी’ ऐकू येते का तेही पाहा.

शोधाची बाजू थोड्या दिवसांनी तपासा, कारण नवे शीर्षक निकालात दिसायला वेळ लागतो. तिथे लिंकवर तुम्ही लिहिलेले शीर्षक न येता वेगळेच काही येत असेल, तर पुन्हा शब्द वाढवायला जाऊ नका. आधी `<h1>` पाहा. बहुतेकदा तिथे ‘आपले स्वागत आहे’ असे काहीतरी सापडेल. ते काढा आणि पानाचा विषय लिहा.