बाटली तीच, प्रकाश वेगळा: सीड स्थिर ठेवून केलेली तुलना

एआय प्रतिमा-मॉडेलकडून काचेच्या बाटलीचे उत्पादन-चित्र करून घेताना प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे मॉडेलला दिलेल्या वर्णनात, ‘बाजूने येणारा मऊ प्रकाश’ बरा की ‘मागून येणारा प्रकाश’, हे मला ठरवायचे होते. परंतु प्रत्येक वेळी बाटलीचा कोन आणि सावलीही बदलत असल्याने फरक शब्दांमुळे पडला की योगायोगाने, हे कळेना. कारण साधे निघाले: सीड म्हणजे चित्राचा सुरुवातीचा नॉइज, अर्थात विस्कळीत ठिपके, ठरवणारा आकडा; त्याच्या रकान्यात -1 होते, म्हणजे प्रत्येक चित्र नव्या यादृच्छिक नॉइजपासून सुरू होत होते.

मी सीड 4217 ठेवला आणि मॉडेल, सॅम्पलर, 30 स्टेप्स व 1024×1024 हा आकार कायम केला. आकारही महत्त्वाचा असतो, कारण तो बदलला की सीड तोच असूनही सुरुवातीचा नॉइज बदलतो. मग मूळ प्रॉम्प्ट दोनदा चालवून दोन्ही चित्रे सारखीच येतात याची खात्री केली. ती तशी आली नसती, तर पुढची तुलना व्यर्थ होती.

त्यानंतर केवळ प्रकाशाचे शब्द बदलले. बाटली जागेवर राहिली, प्रकाश बदलला. एकदा मात्र मोहाने पार्श्वभूमीचे लांबलचक वर्णनही जोडले आणि सारी मांडणीच हलली, म्हणून ती जोडी बाद केली.

पहिल्या जोडीत मागचा प्रकाश सरस वाटला; पण एखादा सीड एखाद्या शब्दयोजनेला अनुकूल असू शकतो, म्हणून हीच जोडी आणखी पाच सीडवर चालवली. एकूण सहांपैकी चार वेळा मागच्या प्रकाशात लेबल अंधारात गेले, त्यामुळे मी बाजूचा प्रकाश निवडला.