पंढरपूर, अक्कलकोट, गाणगापूर, तुळजापूर: सोमवार ते गुरुवारची तयारी

या यात्रेची आखणी वारांपासून सुरू करावी, हॉटेलं नंतर बघावीत. तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार आणि रविवारी गर्दी असते, अक्कलकोट-गाणगापूरला गुरुवारी, आणि पौर्णिमेला तर सगळीकडेच. पंढरपूरला एकादशी टाळायची. पुण्याहून सोमवारी सकाळी निघून गुरुवारी रात्री परतलं की हे सगळे वार आपोआप चुकतात. तरी तारीख ठरवण्याआधी कॅलेंडरमध्ये एकादशी आणि पौर्णिमा एकदा बघून घ्या, सोबत शाळेच्या सुट्ट्याही. खाली धरलेलं कुटुंब सात जणांचं आहे: गुडघे दुखणारी आजी, आई-बाबा, नवरा-बायको आणि दोन मुलं.

गाडी ठरवताना किलोमीटरचा हिशेब आधी करा. सोमवारी पुणे ते पंढरपूर साधारण २१० किलोमीटर, मंगळवारी सोलापूरमार्गे अक्कलकोट ११५, बुधवारी गाणगापूर करून सोलापूरला मुक्काम १८०, आणि गुरुवारी तुळजापूर करून पुणे ३३०च्या आसपास. म्हणजे सगळी मिळून साडेआठशेच्या आत. पण बाहेरगावच्या भाड्यात बहुतेक ठिकाणी दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरतात, त्यामुळे चार दिवसांचे पैसे १२०० किलोमीटरचे द्यावे लागतात. ते खटकत असेल तर रेल्वेने सोलापूर गाठून तिथून गाडी करता येते. आजी आणि सामान सोबत असेल तर मात्र मी दारापासून दारापर्यंतची गाडीच घेईन. ठरवताना टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता आणि त्याची रात्रीची सोय कोणाकडे, हे लिहून घ्या. गाणगापूर कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्यात येतं. गाडीकडे तिथलं परमिट आहे का आणि कर कोण भरणार, हेही आधीच विचारा, नाहीतर सीमेवर वाद होतो. सात जण आणि बॅगा असतील तर टपावर कॅरियर हवाच.

सोमवारी सहाला निघा. सोलापूर रस्त्याने इंदापूरच्या आसपास नाश्ता आणि टेंभुर्णीहून आत वळायचं. (भिगवणचे मासे पुढच्या वेळी, वेगळ्या सहलीत.) पंढरपुरात मुक्कामाला मंदिर समितीचं भक्तनिवास किंवा मंदिराजवळचं लॉज. बुकिंग करताना तीन प्रश्न विचारायचेच: गाडी दारापर्यंत येते का, कारण मंदिराकडच्या गल्ल्यांत ती येत नाही; आजीसाठी तळमजल्यावर खोली किंवा लिफ्ट आहे का; आणि गरम पाणी पहाटे मिळतं का. सोलरवर चालणाऱ्या ठिकाणी पहाटे पाणी कोमटच येतं, आणि यात्रेत आंघोळी पहाटेच्याच असतात.

दर्शनाच्या दोन रांगा असतात. पदस्पर्शाची रांग लांब, मुखदर्शनाची लवकर सरकणारी. आजी आणि तिच्यासोबत एक जण मुखदर्शन घेतील आणि बाकीचे पदस्पर्श, असं घरीच ठरवून टाका. रांगेत उभं राहून यावर चर्चा नको. दुपारच्या नैवेद्याला आणि नंतर पोशाखाच्या वेळी रांग थोडी थांबते, तेव्हा मुलांच्या खिशात चिक्की किंवा राजगिऱ्याचे लाडू असू द्या. मंदिरात मोबाईल नेता येत नाही. म्हणून चुकामूक झाली तर भेटायची जागा आधी सांगून ठेवा. नामदेव पायरी सगळ्यांना सापडते. संध्याकाळी चंद्रभागेवर जायचं, पण नदीला पाणी किती आहे ते विचारूनच मुलांना उतरू द्यायचं.

मंगळवारी सातला निघालात तर वाटेत नाश्ता करूनही अक्कलकोटला अकराच्या आत पोचता येतं. आधी वटवृक्ष मंदिर, मग चोळप्पांच्या घरचा समाधी मठ. दुपारचं जेवण अन्नछत्रात, त्यामुळे यादीत त्या दिवशी हॉटेलचं जेवण लिहूच नका. पंगत मोठी असते आणि जेवण साधं. आजीला खाली बसणं जमत नसेल तर तिथल्या सेवेकऱ्यांना आधी सांगा. मुक्काम अक्कलकोटलाच ठेवायचा. सोलापूरला परत जाऊन बुधवारी पुन्हा इकडे यायचं म्हणजे सुमारे ८० किलोमीटर फुकट. रात्रीचं जेवण हलकं, आणि झोप लवकर.

बुधवारचा दिवस सगळ्यात नीट आखायचा, कारण गाणगापुरात सगळं दुपारच्या माधुकरीभोवती फिरतं. दत्तमहाराज त्या वेळी भिक्षेला येतात अशी श्रद्धा आहे, म्हणून भाविक माधुकरी वाढतातही आणि झोळी घेऊन मागतातही. अक्कलकोटहून साडेसहाला निघा. अंतर सत्तरेक किलोमीटरच असलं तरी दोन तास धरा. आधी भीमा-अमरजा संगमावर जायचं. स्नान करणार असाल तर कपड्यांचा एक जोड आणि ओले कपडे ठेवायची प्लास्टिकची पिशवी वेगळी काढून वरच ठेवा, मोठी बॅग उघडायला लावू नका. तिथून निर्गुण मठात पादुकांचं दर्शन. ते छोट्या झरोक्यातून घ्यायचं असतं, त्यामुळे मुलांना उचलून दाखवावं लागतं.

माधुकरी वाढायची असेल तर घरून डबा नेता येणार नाही, तेव्हा तिथल्या पुजाऱ्यांना आदल्या दिवशी फोन करून स्वयंपाकाचं सांगून ठेवा आणि दर तेव्हाच विचारा. मागायची असेल तर पाच घरं, आणि जे मिळेल तेच जेवण. मुलांना हे आधी समजावलेलं बरं, कारण भूक लागल्यावर कोणी ऐकत नाही. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र जेवणाची वाट बघत बसू नये; त्यांच्यासाठी फळं आणि खाकरा पिशवीत ठेवा. तीनच्या आत निघालात तर उजेडातच सोलापूर येतं. तिथे स्टेशनजवळचं चांगलं हॉटेल घ्या. तीनपैकी ही एकच रात्र थोडे जास्त पैसे द्यावेत अशी, कारण सगळे थकलेले असतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे उठायचं असतं. रात्री कडक भाकरी आणि शेंगाचटणी. चटणी तिखट असते, मुलांसाठी दहीभात मागवा.

गुरुवारी सोलापूर पाचला सोडा. तुळजापूर ४५ किलोमीटर, म्हणजे सकाळच्या अभिषेकाच्या वेळेत पोचाल. कुलस्वामिनी असेल तर तुमचे पुजारी भोपे की पाळीकर हे घरातल्या मोठ्यांकडून माहीत करून त्यांना आठवडाभर आधी कळवा. ओटीची साडी, खण, तांदूळ, हळकुंडं, सुपाऱ्या, नाणं घरूनच एका पिशवीत बांधून न्या. नारळ तिथे घ्या. महाद्वारातून आत शिरल्यावर पायऱ्या उतरत जायच्या असतात, वाटेत गोमुख आणि कल्लोळ तीर्थ लागतात. उतरणं जमतं, चढून परत येताना गुडघे बोलतात, म्हणून आजीसोबत एक तरुण माणूस मोकळ्या हाताने असावा. पुरणाचा नैवेद्य पुजाऱ्यांच्या घरी सांगितला तर प्रसादाचं जेवण तिथेच होतं, आणि अकरा-साडेअकराला निघता येतं. परतताना सोलापूर शहरात न शिरता बार्शी-कुर्डुवाडीमार्गे टेंभुर्णीला महामार्ग गाठा. कुर्डुवाडीच्या पुढे चहा, आणि रात्रीच्या जेवणासाठी घरी खिचडीचं सामान काढून ठेवलेलं असावं.