फायनलला किती मार्क हवेत?

असाइनमेंट ३० टक्के, मिडटर्म ३०, फायनल ४०, अशी विभागणी असली की नुसती सरासरी चुकते.

१. मिळालेले मार्क भागिले एकूण मार्क, गुणिले त्या भागाचे टक्के. असाइनमेंटला २० पैकी १८, म्हणजे २७. मिडटर्मला ५० पैकी ३०, म्हणजे १८. हातात ४५.

२. एकूण ७५ हवेत? मग ३० कमी पडतात. ते फायनलच्या ४० मधून यायचे, म्हणजे पेपरात ७५ टक्के. ८० मार्कांच्या पेपरात ६०.

असाइनमेंट पाच असतील तर ३० टक्के पाचही मिळून धरायचे, प्रत्येकीला नव्हे (मी एकदा हेच करून उगाच खूश झालो होतो). फायनलला वेगळं पासिंग आहे का, तेही बघा.