परदेशातल्या मित्रांसोबत सुट्टीचा बेत आखताय? या चुका टाळा

'२५ डिसेंबर सगळीकडेच असतो, मग बुकिंग करून टाकू' हे वाक्य ग्रुपवर दिसलं की मला पुढचा गोंधळ आधीच दिसतो. त्या तारखेचा वार जगभर एकच असतो. पण सुट्टी नेमकी कोणत्या दिवशी मिळते, हे प्रत्येक देश स्वतःच्या नियमाने ठरवतो.

सर्वांत जास्त घोळ होतो तो सण शनिवार-रविवारी आला की. २०२२ मध्ये नाताळ रविवारी होता. माझ्या ओळखीतल्या चौघांनी, म्हणजे लंडन, बर्लिन, न्यूयॉर्क आणि भारतातल्या मित्रांनी, एकत्र जायचं ठरवलं. आयोजक लंडनचा. त्याच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये सोमवार २६ आणि मंगळवार २७ अशा दोन्ही दिवशी सुट्टी दिसत होती, म्हणून त्याने शनिवार ते मंगळवार रात्रीपर्यंत घर घेतलं आणि पैसे भरून मोकळा झाला. त्या दोन सुट्ट्या खऱ्या होत्या, पण ब्रिटनपुरत्या. तिथे २६ तारखेला बॉक्सिंग डे असतोच, त्यामुळे रविवारच्या नाताळची बदली सुट्टी मंगळवारी गेली. अमेरिकेत बॉक्सिंग डेची सुट्टी नाही, तिथे नाताळची बदली सुट्टी सोमवारी आली आणि मंगळवारी कामावर हजर. जर्मनीत रविवारी गेलेल्या सुट्टीची भरपाई मिळत नाही. बर्लिनवाल्याला सोमवार मिळाला तो २६ डिसेंबर ही तिथली वेगळी सुट्टी आहे म्हणून. भारतातल्या मित्राची सुट्टी रविवारातच विरली, सोमवारी ऑफिस चालू.

चौघांचा सामाईक वेळ होता फक्त शनिवार आणि रविवार. घर मात्र चार दिवसांचं. दोघांना ऐन वेळी तिकिटं बदलावी लागली, एकाने रजा मागितली ती मिळाली नाही. दहा मिनिटं बसून चार देशांच्या याद्या शेजारी ठेवल्या असत्या, तर हे पहिल्याच दिवशी कळलं असतं. पण तेवढाही धीर धरवत नाही, आधी स्वस्त तिकीट पकडायचं असतं. या घाईचा मला मनापासून राग येतो, कारण भुर्दंड बाकीच्यांना पडतो.

हाच प्रकार पुन्हा येणार आहे. २०२७ चा नाताळ शनिवारी आहे आणि १ जानेवारी २०२८ सुद्धा शनिवारीच. अमेरिकेतल्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना शनिवारची सुट्टी आदल्या शुक्रवारी मिळते, म्हणजे २४ आणि ३१ डिसेंबर. ब्रिटनमध्ये ती पुढे ढकलली जाते: नाताळ आणि बॉक्सिंग डे मिळून सोमवार २७ व मंगळवार २८, नववर्षाची ३ जानेवारी. एकाची सुट्टी आधी सरकते, दुसऱ्याची नंतर, आणि दोघांना सामाईक राहतो तो निव्वळ शनिवार-रविवार.

त्यात अमेरिकेचा शुक्रवारही गृहीत धरू नका. तो नियम केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांसाठी आहे, खासगी कंपन्यांवर बंधनकारक नाही. १ जानेवारी २०२२ शनिवारी होता, तरी आदल्या शुक्रवारी न्यूयॉर्कचा शेअर बाजार चालू होता. म्हणून मी देशाची यादी बघून थांबत नाही. प्रत्येकाला विचारते, 'तुझ्या ऑफिसने त्या वर्षाची यादी काढली का?' उत्तर 'मिळेल बहुतेक' असं आलं, तर तो दिवस मी कामाचाच धरते.

ईदच्या बाबतीत तर तारीखच वेगळी पडू शकते. २०२४ मध्ये ईद-उल-फित्र सौदी अरेबियात बुधवारी १० एप्रिलला होती, भारतात बहुतेक ठिकाणी गुरुवारी ११ ला. २०२३ मध्ये तिथे शुक्रवार २१ एप्रिल, इथे शनिवार २२. त्या वर्षी भारतात शनिवारी सुट्टी असणाऱ्यांना ईदचा वेगळा दिवस मिळालाच नाही. चंद्रदर्शनावर ठरणाऱ्या सणाला दोन्ही बाजूंना एकेक दिवस मोकळा ठेवा आणि तारीख बदलता येईल असंच तिकीट घ्या, महाग पडलं तरी.

शनिवार-रविवार म्हणजे वीकएंड हेही सगळीकडे खरं नाही. सौदीत आणि बांगलादेशात शुक्रवार-शनिवार.

चीनमधला मित्र असेल तर लांब सुट्टीच्या बदल्यात शनिवार-रविवारी भरून काढायचे कामाचे दिवस विचारा. २०२४ च्या राष्ट्रीय दिनाच्या लांब सुट्टीसाठी तिथे रविवार २९ सप्टेंबर आणि शनिवार १२ ऑक्टोबर हे कामाचे दिवस होते.

माझी पद्धत साधी आहे. एका कागदावर उभ्या ओळीत तारखा, आडव्या ओळीत माणसं. देश लिहीत नाही, माणसंच लिहिते, कारण एकाच देशातही सुट्ट्या बदलतात. ६ जानेवारीची सुट्टी बव्हेरियात आहे, बर्लिनमध्ये नाही. प्रत्येक जण आपल्या चौकटीत स्वतः 'सुट्टी' किंवा 'काम' लिहितो, दुसऱ्याच्या वतीने अंदाज कुणी करत नाही. एकही चौकट रिकामी असेल तोवर मी पैसे भरत नाही.